फरशीवर पसरलेल्या खेळण्यांच्या फोटोवरून झोपतानाची गोष्ट: मसुदा कुठे फसतोय?

मृण्मयी_क

अडीच वर्षांच्या मुलीला झोपताना सांगायला तिच्याच खेळण्यांची गोष्ट लिहिते आहे. त्यासाठी दुपारी खेळून झाल्यावरच्या फरशीचा एक फोटो घेतलाय. फोटो इथे चढत नाहीये, म्हणून त्यात काय काय आहे ते लिहिते.

मधोमध पिवळा डंपर उलटा पडलाय, चाकं वर. त्याच्या शेजारी कापडी हत्ती पालथा, सोंड पोटाखाली दबलेली. आठ-दहा लाकडी ठोकळे, त्यातले तीन एकावर एक. रिंगांचा मनोरा, पण त्यातली निळी रिंग जागेवर नाही, ती पलंगाखाली अर्धी दिसते. लाल चेंडू एका मोज्याजवळ. आगगाडीचं इंजिन, दोन डबे सुटलेले. शिवाय एक खुळखुळा आणि स्वयंपाकघरातून आलेला लाकडी चमचा.

मसुदा थोडक्यात असा: रात्री सगळे झोपल्यावर खेळणी जागी होतात. डंपर म्हणतो मला सरळ करा, हत्ती रडायला लागतो, निळी रिंग हरवलेली असते. मग सगळे मिळून तिला शोधायला निघतात. चेंडू टुणटुण, आगगाडी झुकझुक. ‘कुठे गेली निळी रिंग? इथे आहे का? तिथे आहे का?’ असं चार-पाच वेळा येतं. शेवटी रिंग सापडते, आनंदीआनंद होतो आणि सगळे टोपलीत जातात. ‘म्हणून खेळून झालं की खेळणी आवरावीत’ हे शेवटचं वाक्य. एकूण सव्वाचारशे शब्द.

गोष्ट आवडते, पण झोप येत नाही. ‘कुठे गेली रिंग’ आलं की ती पलंगावरून उतरते आणि खाली वाकून बघते. गोष्ट लांब आहे म्हणून होतंय की आणखी काही?

रानवारा

सव्वाचारशे शब्द खूपच झाले. दीडशेवर आणा, प्रश्न सुटेल.

शब्दकुटी

लांबी हा दुय्यम मुद्दा आहे. हाच मसुदा दीडशे शब्दांत बसवला तरी मूल पलंगावरून उतरेलच, फक्त लवकर उतरेल.

मुख्य अडचण अशी की गोष्टीचा उतार उलटा लागलाय. सुरुवातीला सगळे झोपलेत आणि शेवटी सगळे धावपळ करून आनंदात आहेत. झोपतानाच्या गोष्टीत सगळ्यात मोठा आवाज आणि सगळ्यात जास्त हालचाल पहिल्या एक तृतीयांशात संपायला हवी. त्यानंतर प्रत्येक परिच्छेद आधीच्यापेक्षा संथ हवा. तपासायची सोपी रीत सांगते. मसुद्यातली फक्त क्रियापदं एका ओळीत लिहून काढा. तुमच्याकडे झोपले, जागी झाली, रडला, निघाले, उडाला, धावली, सापडली, नाचले अशी माळ होईल. ही चढण आहे. हवी ती माळ घरंगळला, थांबला, टेकला, पसरली, झोपला अशी.

दुसरं, ‘तुम्ही झोपलात की खेळणी जागी होतात’ ही कल्पना मोठ्यांना गोड वाटते. या वयाच्या मुलाला मात्र त्यातून जागं राहायला सबळ कारण मिळतं. काही मुलं ते बघायला जागी राहतात, काहींना अंधारात काहीतरी हलतंय याची भीती वाटते. दोन्ही नकोत. खेळण्यांना मुलाच्या बरोबरीनं झोप येऊ द्या.

तिसरं म्हणजे प्रश्न. ‘कुठे गेली?’ हे अडीच वर्षांच्या मुलासाठी वाक्य नसतं, बोलावणं असतं. ती उतरून बघते म्हणजे गोष्ट नीट ऐकते आहे. दोष मसुद्याचा.

कल्पक_०७

सहमत. म्हणूनच अशा गोष्टीत अडचण हा प्रकारच नसावा असं माझं मत आहे. चेंडू झोपला, डंपर झोपला, हत्ती झोपला, बस्स. अडचण आली की ताण आला.

शब्दकुटी

अर्धं बरोबर आहे. दीड वर्षाच्या आतल्या बाळाला अशी हजेरी पुरते, आवडतेही. अडीच वर्षांचं मूल मात्र तिसऱ्या नावापर्यंत तुमच्या पुढे जातं. मग ते स्वतःच नावं जोडायला लागतं: ‘आणि चमचा? आणि खुर्ची? आणि पंखा?’ झोप लांबवण्याचा खेळच सुरू होतो. पुढे न्यायला एक बारीकशी निकड हवी. हरवणं नको, भांडण नको, एकटं पडणं नको. अंगाची निकड चालते: नीट टेकता येत नाहीये, एवढीच. ती प्रत्येक खेळण्याला वेगळी असावी आणि दोन-तीन वाक्यांत सुटावी.

फोटोचा खरा उपयोग इथे होतो. फोटोत वस्तू मोजत बसू नका, वस्तू कशा पडल्यात ते बघा. तुमच्या फोटोत डंपर उताणा आहे, हत्ती पालथा आहे. झोपायच्या तऱ्हा तिथे आयत्या आहेत. डंपरची चाकं हवेत आहेत, म्हणजे ती फिरू शकतात. त्याची निकड चाकं थांबण्याची. हत्तीची सोंड पोटाखाली दबली आहे; त्याची निकड ती सोडवण्याची. आणि चेंडूची तर गंमतच आहे, त्याला कूसच नाही. कुठल्या अंगावर झोपणार? शेजारी मोजा पडलाय, तो त्याची गादी. एका फोटोतून तीन खेळणी, तीन कारणं आणि एक उशी मिळाली, बाहेरून काहीच आणावं लागलं नाही.

मृण्मयी_क

अरे वा, मोज्याचं लक्षातच आलं नव्हतं. पण मग आगगाडी आणि मनोरा का सोडायचे? तिला मनोरा सगळ्यात आवडतो.

शब्दकुटी

सगळ्यात आवडतो म्हणूनच. दोन प्रकारची खेळणी झोपेच्या गोष्टीतून बाहेर ठेवावीत: ज्यांचं काम अर्धवट राहिलंय ती, आणि जी लपलेली आहेत ती. सुटलेले डबे ऐकले की मुलाचे हात जोडायला शिवशिवतात. मनोऱ्यातली एक रिंग नाही म्हटलं की ती घालून यावीशी वाटते. ठोकळे एकावर एक असतील तर ते पडणारच, मुलाला माहीत असतं, आणि ते कधी पडतात याची वाट बघत ते जागं राहतं.

आकड्याचं म्हणाल तर तीन. दोन असली तर ऐकणाऱ्याला ठेका सापडायच्या आत गोष्ट संपते. चार चालतील, पण चौथ्याला मूल गोष्टीच्या पुढे पळायला लागतं. क्रम आवाजावरून लावा: सगळ्यात उडणारा चेंडू पहिला, घरघरणारा डंपर दुसरा, कापडाचा हत्ती शेवटी. आवडतं खेळणं शेवटी ठेवावं हा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो, तो मला पटत नाही. सगळ्यात मऊ आणि मुका खेळगडी शेवटी.

नीरजा_बालविकास

पलंगाखाली वाकून बघण्याबद्दल थोडं. फोटोतली खोली आणि खरी खोली एकच आहे हे मुलाला उपजत कळत नाही, ते वयानुसार येतं. ज्युडी डिलोश या मानसशास्त्रज्ञांचे यावरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. खोलीची छोटी प्रतिकृती घ्यायची, त्यात छोटं खेळणं लपवताना मुलाला दाखवायचं आणि मग मोठ्या खोलीत त्याच जागी लपवलेलं मोठं खेळणं शोधायला सांगायचं. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात 3 वर्षांची मुलं ते शोधत होती, अडीच वर्षांची बहुतेक चुकत होती. पण तीच जागा प्रतिकृतीऐवजी चित्रात किंवा फोटोत दाखवली तर अडीच वर्षांच्या मुलांनाही जमत होतं. पुढच्या प्रयोगांत 2 वर्षांच्या मुलांना फोटोनेही फारसा उपयोग झाला नाही.

म्हणजे तुमची मुलगी नेमक्या त्या उंबरठ्यावर आहे. फोटोत रिंग पलंगाखाली दिसली की ती खऱ्या पलंगाखालीही असणार, हे तिला कळतंय. त्यामुळे गोष्टीत जे काही ‘शोधायचं’ असेल ते ती खरोखर शोधायला जाणार. दोन वर्षांच्या मुलाला हाच मसुदा सांगितला असता तर कदाचित ते उतरलंही नसतं, कारण जोडणीच लागली नसती.

छायाचित्रे_आणि_बरेच_काही

फोटोचं पुस्तक करायचं असेल तर माझा सल्ला: उभं राहून वरून फोटो घेऊ नका, सगळं नकाशासारखं सपाट दिसतं. गुडघ्यावर बसून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्या, उजेड खिडकीकडून, फ्लॅश बंद. 4 बाय 6 इंचाची प्रिंट स्वच्छ हवी असेल तर किमान 1800 बाय 1200 पिक्सेल ठेवा, म्हणजे इंचाला 300 येतात. मॅट कागद घ्या, चकचकीत कागदावर दिव्याचा कवडसा पडतो. पानांचे कोपरे गोल कापून घ्या. कोलाजसाठी कुठलं अ‍ॅप वापरताय?

मृण्मयी_क

पुस्तक नाही करायचं, गोष्ट सांगायची आहे. सध्या फोनवर फोटो दाखवत सांगते.

नीरजा_बालविकास

मग वरचा प्रिंटचा सल्ला तुमच्याच कामाचा आहे. झोपायच्या आधीचा तासभर तरी पडदा नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. उजेडाचा भाग एक. दुसरा भाग असा की फोन हातात आला की मूल बोटानं पुढचा फोटो सरकवतं. पुढे एखादा व्हिडिओ निघाला की गोष्ट तिथेच संपली.

शब्दकुटी

मी तर म्हणते प्रिंटसुद्धा दिवे मंद करायच्या आधीच बघून बाजूला ठेवा. एक मिनिट पुरे. ‘हा बघ डंपर, उताणा. हा हत्ती, पालथा. हा चेंडू.’ बोट ठेवायचं ते त्या तिघांवरच. ती रिंगेवर बोट ठेवेल. तेव्हा ‘हो, रिंग पलंगाखाली आहे’ एवढं एकच विधान करा आणि पुढे जा. जागा सांगून टाकली की शोधायला काही उरत नाही. त्यानंतर फोटो उशीखाली आणि गोष्ट तोंडी. आणि तो गुडघ्यावर बसण्याचा सल्लाही सोडू नका. वरून घेतलेल्या फोटोत हत्तीची सोंड दबली आहे हे दिसतच नाही, नुसता करड्या रंगाचा ढीग दिसतो.

दोन_पिल्ले

आमचा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याला चेंडूला कूस नाही वगैरे अगदी बाळबोध वाटेल. त्याला डायनासोर आणि लढाई लागते. अशांनी काय करावं?

शब्दकुटी

पाच वर्षांच्या मुलाला रिंग शोधायची गोष्ट द्याच, पण शोध पहिल्या निम्म्यात संपवा. उरलेल्या निम्म्यात सगळे परत येतात, वाटेत एकेक जण दमून आपल्या जागी थांबतो. डायनासोर असला तर तोही दमू शकतो. त्याहून जास्त इथे नको, धागा अडीच वर्षांचा आहे. :)

ठोकळेबाज

शेवटच्या वाक्याबद्दल कुणी बोललंच नाही. ‘म्हणून खेळणी आवरावीत’ हे मला तरी ठीक वाटतं. सवय लागायला हवी ना.

शब्दकुटी

सवय लागायला हवी, पण दिवे गेल्यावर नाही. पलंगावर आडव्या झालेल्या मुलाला फरशीवरच्या पसाऱ्याची आठवण करून दिली की एकतर ते उठून आवरायला जाईल, नाहीतर आपण काहीतरी चुकवलंय या भावनेनं कुढेल. आवरण्याची गोष्ट वेगळी करा आणि ती संध्याकाळी, हातात टोपली असताना सांगा. ती चढत्या चालीची, आवाजाची, पळापळीची असली तरी काही बिघडत नाही. किंबहुना तशीच हवी.

रानवारा

पण मग फोटो घेतल्यावर खेळणी तशीच ठेवायची की आवरायची? आवरली तर गोष्टीत डंपर फरशीवर आणि प्रत्यक्षात टोपलीत. मूल म्हणणारच की तो तिकडे आहे.

नीरजा_बालविकास

माझ्या मते सगळं आवरा आणि गोष्ट ‘फोटोतली’ म्हणूनच सांगा. रात्री अंधारात पायाखाली चाक आलं की मोठं माणूस घसरतं, तो भाग वेगळाच.

शब्दकुटी

मी तिघांना ठेवते, बाकी आवरते. भिंतीलगत, फोटोत होते तसेच: डंपर उताणा, हत्ती पालथा, चेंडू मोज्यावर. गोष्ट संपल्यावर मुलानं मान वळवली तर जे ऐकलं तेच दिसतं, वाद संपतो. यावर आपलं एकमत व्हायचं नाही. दोन्ही करून बघा आणि कशानं कमी उठबस होते ते ठरवा.

आता मसुदा. मोठ्यानं वाचून बघा.

*दुपारभर खेळून झालं. आता रात्र झाली.*
*फरशीवर लाल चेंडू होता. पिवळा डंपर होता. आणि कापडी हत्ती होता.*
*तिघांनाही झोप आली.*

*लाल चेंडू झोपायला गेला. टुण. या कुशीवर झोपू? टुण. त्या कुशीवर झोपू? चेंडूला कूसच नाही. चेंडू सगळीकडून गोल. चेंडू घरंगळला, घरंगळला, आणि मऊ मऊ मोज्यापाशी आला. मोज्यात एक खळगा होता. चेंडू खळग्यात बसला.*
*हळू, हळू, टेकलं.*

*पिवळा डंपर उताणा झोपला. चाकं वर. चाकं फिरत होती. घर्र घर्र घर्र घर्र. एक चाक थांबलं. घर्र घर्र घर्र. दुसरं चाक थांबलं. घर्र घर्र. तिसरं चाक थांबलं. घर्र. चौथं चाक थांबलं.*
*हळू, हळू, टेकलं.*

*कापडी हत्ती पालथा झोपला. सोंड पोटाखाली. हत्तीनं सोंड ओढली. थोडी आली. अजून थोडी आली. सगळी आली. हत्तीनं सोंड लांब पसरली आणि मोठ्ठा श्वास सोडला. फुस्स्स्स. अजून एक. फुस्स. अजून एक. फु.*
*हळू, हळू, टेकलं.*

*चेंडू मोज्यात. डंपर उताणा. हत्ती पालथा.*
*चेंडू झोपला. डंपर झोपला. हत्ती झोपला.*
*हळू. हळू.*

जवळपास एकशे चाळीस शब्द आहेत. नेहमीच्या बोलण्यात हे सव्वा मिनिटात संपेल. इथे मिनिटाला सत्तर-ऐंशी शब्दांच्या वर जाऊ नका, आणि प्रत्येक ‘टेकलं’नंतर एक सावकाश श्वास घेऊन मगच पुढचं खेळणं. म्हणजे दोन-सव्वादोन मिनिटं होतात. तेवढी पुरतात.

पालुपदात ‘टेकलं’ ठेवलंय, कारण तो, ती, ते कुणालाही ते चालतं. उद्या हत्तीच्या जागी बाहुली आली तरी ओळ बदलावी लागणार नाही. आणि ‘तो’, ‘त्याने’ मुद्दाम टाळलंय. तीन पात्रं असली की या वयात ‘तो’ म्हणजे कोण याचा घोळ होतो. दर वेळी नाव घ्यावं, कानाला जरा जड वाटलं तरी.

कल्पक_०७

तुम्हीच म्हणालात प्रश्न नकोत. मग ‘या कुशीवर झोपू?’ हे काय?

शब्दकुटी

पकडलंत. चेंडू स्वतःलाच विचारतोय म्हणून ठेवलं होतं, पण ऐकणाऱ्याला तो फरक कळेलच असं नाही, ‘हो, त्या कुशीवर’ असं उत्तर येऊ शकतं. विधान करूया: ‘चेंडू या कुशीवर वळला. टुण. चेंडू त्या कुशीवर वळला. टुण. चेंडूला कूसच नाही.’

मृण्मयी_क

खूप आवडली. पण एक घोटाळा आहे. आमच्या डंपरला सहा चाकं आहेत. पुढे दोन, मागे चार. फोटोत चारच नीट दिसतात.

ठोकळेबाज

चालतं हो, गोष्ट आहे. चार काय नि सहा काय.

नीरजा_बालविकास

नाही चालणार. अडीच वर्षांचं मूल सहापर्यंत नीट मोजत नसलं तरी रोज हाताळलेल्या वस्तूत काहीतरी कमी आहे हे त्याला कळतं. ‘अजून चाक’ असं ऐकू येईल आणि गोष्ट तिथे अडकेल.

शब्दकुटी

बरोबर. पण सहाही एकेक करून थांबवू नका, ती जागा सगळ्यात लांब होईल आणि मध्येच रेंगाळेल. जोड्यांनी थांबवा, तीनच पायऱ्या होतात:

*चाकं फिरत होती. घर्र घर्र घर्र. पुढची चाकं थांबली. घर्र घर्र. मधली चाकं थांबली. घर्र. मागची चाकं थांबली.*

आकडा गेला, त्यामुळे मोजायचा मोहही गेला. आवाज मात्र तसाच उतरतो. नियम असा धरा की फोटोत न दिसणारा पण मुलाच्या हातानं माहीत असलेला तपशील फोटोपेक्षा खरा. लिहिण्याआधी प्रत्येक खेळणं एकदा हातात घेऊन उलटसुलट करून बघा.

रानवारा

आवाजाचं काय? मी अशा गोष्टी सुरुवातीपासून कुजबुजत सांगायच्या असं ऐकलंय.

शब्दकुटी

तिथे फसगत होते. पहिल्या ओळीपासून कुजबुजलात तर पुढे उतरायला जागाच राहत नाही, शिवाय कुजबुज ऐकायला मूल कान टवकारतं. चेंडू साध्या बोलण्याच्या आवाजात. डंपरची पहिली घरघर जराशी घशातून, शेवटची नुसत्या ओठांवर. हत्तीला आवाज नकोच, श्वास पुरे. ‘फुस्स’ करताना खरोखर लांब श्वास सोडा. बहुतेक मुलं आपोआप सोबत सोडतात आणि अंग सैल पडतं. मात्र तोंडावर फुंकर जाऊ देऊ नका, गुदगुल्या झाल्या की खिदळणं सुरू. पहिल्या रात्री ‘फुस्स’वर हसू येणारच, ते येऊ द्या, पण तुम्ही त्यात सामील होऊन परत करून दाखवू नका. परत केलंत की तो खेळ झाला.

मृण्मयी_क

काल रात्री सांगितली. उतरली नाही. पण संपल्यावर ‘मग?’ म्हणाली. मी म्हटलं, मग सकाळ झाली आणि सगळे उठले. ती उठून बसली.

शब्दकुटी

‘सकाळ झाली’ म्हणजे उठायची सूचना झाली. ‘मग?’ला नवी घटना द्यायची नाही, शेवटच्या तीन ओळीच द्यायच्या, अजून सावकाश: ‘मग चेंडू झोपला. डंपर झोपला. हत्ती झोपला.’ पुन्हा ‘मग?’ आलं तर पुन्हा तेच, पहिल्यापेक्षा कमी आवाजात. तिसऱ्यांदा नुसतं ‘हळू, हळू.’ काहीही नवं मिळत नाही हे कळलं की विचारणं आपोआप विरतं.

दोन_पिल्ले

आणि गोष्टीत मुलीचं नाव घातलं तर? ‘मग चिऊपण झोपली’ असं?

नीरजा_बालविकास

मला चालेल, शेवटी, एकदाच.

शब्दकुटी

मी नाही घालणार. नाव ऐकलं की मूल हुंकार देतं, ‘मी नाही झोपले’ म्हणतं. तिला बघणारी राहू द्या. पण काही मुलांना नावाशिवाय गोष्ट संपलीशी वाटत नाही, हेही खरं आहे. तुमचं मूल कुठलं ते तुम्हालाच माहीत.

मृण्मयी_क

शेवटचा प्रश्न. रोज नवा फोटो घ्यायचा का? रोज पसारा वेगळा असतो.

नीरजा_बालविकास

नको. या वयात तीच गोष्ट त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा हवी असते, आणि त्याचा फायदाही होतो. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 2011 साली 3 वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या गोष्टींतून तितक्याच वेळा ऐकलेल्या नव्या शब्दांपेक्षा, त्याच त्या गोष्टींतून पुन्हा पुन्हा ऐकलेले नवे शब्द मुलांनी जास्त चांगले शिकले. ‘उताणा’, ‘पालथा’, ‘खळगा’, ‘घरंगळला’ हे शब्द तसेच रुजतील. शब्द बदललात तर ती तुम्हाला दुरुस्त करेल, आणि दुरुस्त करायला मूल जागं व्हावं लागतं.

शब्दकुटी

गोष्ट लिहून पलंगाशी ठेवा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणी सांगितली तरी शब्द तेच राहतील. ती स्वतःच कंटाळली, मध्येच दुसरं मागायला लागली, की नवा फोटो घ्या. तेव्हाही एका वेळी एकच खेळणं बदला, सांगाडा तोच ठेवा. तुमच्या यादीतला खुळखुळा घ्यायचा असेल तर तो चेंडूच्या जागी, पहिला: आतले मणी एकेक करून खाली बसतात, खुळ खुळ, खुळ. लाकडी चमचा चांगला आहे, पालथा टाकला की डोलतो आणि डोलणं कमी कमी होत थांबतं, तो मधल्या जागेचा. आगगाडी घ्यायची तर आधी डबे जोडून मग फोटो काढा.

ठोकळेबाज

आणि ठोकळे?

शब्दकुटी

ठोकळे विखुरलेले असतील तर एक घ्या, रचलेले घेऊ नका. एकटा ठोकळा सपाटच पडलेला असतो, त्याला निकड काय द्यायची हे मात्र मला अजून सुचलेलं नाही. कुणाला सुचलं तर लिहा.

कल्पक_०७

कोपऱ्यावर तिरका टेकलेला ठोकळा? पुस्तकाच्या कडेला टेकवून फोटो घ्यायचा. तो हळूहळू घसरत सपाट होतो.

शब्दकुटी

घसरत चालेल, धप्पकन नको. कापडी पुस्तक वापरा, पुठ्ठ्यावरून तो एकदम सुटतो.